स्लॅब भरताना: १०८ चौरस मीटरच्या एका स्लॅबची कार्यपद्धती, पहिल्या टेकूपासून शेवटच्या टेकूपर्यंत

बहुतेक साइटवर काम कसं आणि कोणत्या क्रमाने करायचं हे सांगणारा ‘मेथड स्टेटमेंट’ नावाचा कागद असतो. मागच्या प्रोजेक्टची फाइल उघडायची, इमारतीचं नाव बदलायचं, प्रिंट काढायची आणि कन्सल्टंटची सही घ्यायची, की झालं. पुढे तो कागद ऑफिसच्या कपाटात राहतो आणि स्लॅब मुकादमाच्या आठवणीवर भरला जातो. मुकादम जुना असेल तर बहुतेक वेळा निभावतंही. पण पंप बंद पडला, गाडी अडकली, एखादा टेकू बसला, की ‘आता काय करायचं’ हे कुणीच आधी ठरवलेलं नसतं. ते ठरवून ठेवण्यासाठीच हा कागद असतो. म्हणून मी तो एका ठरावीक स्लॅबसाठी, घड्याळ समोर ठेवून लिहितो.

इथे उदाहरणाला एक साधी इमारत घेऊ. तळमजला आणि वर दोन मजले. भरायचा आहे पहिला स्लॅब. लांबी १२ मीटर, रुंदी ९ मीटर, जाडी १२५ मिमी. आडव्या दिशेने तीन आणि उभ्या दिशेने चार बीमच्या ओळी, म्हणजे स्लॅबचे चौक ४ बाय ४.५ मीटरचे. बीम २३० बाय ४५० मिमी. एका बाजूला १.२ मीटरची कँटिलिव्हर बाल्कनी हवी आहे असं धरू, पण हिशोब सोपा राहावा म्हणून ती १०८ चौरस मीटरमध्येच मोजू. काँक्रीट एम-२५, रेडी मिक्स प्लँटवरून येणार, बूम पंपाने चढणार. महिना एप्रिल.

आधी आकडे

स्लॅबचं काँक्रीट १२ गुणिले ९ गुणिले ०.१२५, म्हणजे १३.५ घनमीटर. बीमचा स्लॅबखाली लोंबणारा भाग ३२५ मिमी. बीमची एकूण लांबी ७२ मीटर, म्हणून आणखी साधारण ५.४ घनमीटर. बेरीज १९ च्या जवळ. सांडणं, पाइपात राहणं, थोडी जास्त जाडी होणं यासाठी तीन टक्के धरले की साडेएकोणीस होतात.

हाच आकडा दुसऱ्या बाजूनेही वाचायचा. एक घनमीटर सळईसकट काँक्रीट साधारण अडीच टन. म्हणजे सकाळच्या तीन तासांत आपण लोखंडी प्लेटांवर जवळजवळ ४७ टन ओला माल ठेवणार आहोत. तो स्वतःच्या बळावर उभा राहायला आठवडे लागतील, तोवर सगळा भार टेकूंवर. त्यामुळे मी कागदाची सुरुवात काँक्रीटपासून करत नाही, टेकूंपासून करतो.

सेंट्रिंग: टेकू कशावर उभा आहे

स्लॅबचं ओलं वजन चौरस मीटरला ३१२ किलो. प्लेटा, स्पॅन, लाकूड यांचे ५० किलो. वर चालणारी माणसं, व्हायब्रेटर, एका जागी ओतलेला ढीग यासाठी १५० धरले की पाचशेच्या थोडं वर जातं. टेकू दोन्ही दिशांना ९० सेंटिमीटरवर लावले तर एका टेकूवर साधारण ४१५ किलो येतात. हा भार चांगल्या लोखंडी जॅकला झेपायला हरकत नाही, तरी जॅक जितका उघडाल तितकी त्याची ताकद कमी होते, म्हणून पुरवठादाराच्या तक्त्यात आपल्या उंचीसमोरचा आकडा बघूनच अंतर ठरवायचं. बीमखालच्या टेकूंवर यापेक्षा जास्त भार येतो, तिथे अंतर कमी.

खरी अडचण खाली असते. जॅकची तळप्लेट १५ बाय १५ सेंटिमीटरची. ४१५ किलो त्या एवढ्याशा जागेवर म्हणजे चौरस मीटरला १८ टन. नुसत्या भरलेल्या मुरुमाला हा भार पेलवत नाही.

हे मी पुस्तकात शिकलो नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका साइटवर जोत्यातली भर धुम्मस न करता टाकली होती आणि त्यावर पीसीसी, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटचा थर, नव्हता. वर सेंट्रिंग झालं, लेव्हल नळीने तपासली, सगळं बरोबर. पण त्याच आठवड्यात शेजारच्या कॉलमना क्युरिंगचं पाणी मारलं जात होतं आणि ते भरीत मुरत होतं. स्लॅब भरताना कुणाला काही कळलं नाही. प्लेटा काढल्यावर मधल्या बीमला दोरी लावली तर पोट १८ मिमीने खाली. बीम पडला नाही, पण पुढे ती भिंत, ते प्लास्टर, ती खिडकीची चौकट, सगळ्यांनी तो झोल दाखवत ठेवला.

तेव्हापासून माझ्या कागदात पहिली ओळ ठरलेली असते: जोत्यातली भर थराथराने पाणी मारून धुमसलेली हवी, वर पीसीसी हवं, आणि ते नसेल तर प्रत्येक ओळीखाली लांब, जाड फळी हवी, जेणेकरून एका टेकूचा भार फळीभर पसरेल. टेकूखाली विटांचा ढीग चालणार नाही. उंची कमी पडते म्हणून दोन बल्ल्या एकमेकींवर ठेवून तारेने बांधणं चालणार नाही. टेकू ओळंब्यात हवेत आणि त्यांना मध्यावर दोन्ही दिशांनी आडवे बांधलेले हवेत, कारण उंच सडपातळ टेकू दाबाने मोडत नाही, तो बाजूला वाकतो. काँक्रीट पंपाने येणार असेल तर हे बांधणं जास्त महत्त्वाचं. पाइपाचा धक्का आडवा बसतो.

प्लेटांना तेल सळई बांधण्याआधी लावायचं. नंतर लावलं की सळईला लागतं आणि काँक्रीट तिला धरत नाही. गाडीचं जळकं काळं तेल स्वस्त पडतं, पण त्याने छताला डाग पडतात आणि प्लास्टर धरत नाही. प्लेटांच्या फटींना टेप. फटीतून सिमेंटचं पाणी गळालं की तिथेच खाली खडी उघडी पडते.

सळई: वरची जाळी वर राहते का

ड्रॉइंगप्रमाणे व्यास, अंतर, लॅप मोजणं सगळेच करतात. गफलत होते ती उंचीत. खालची जाळी प्लेटेला टेकता कामा नये. तिच्याखाली २० मिमीचे कव्हर ब्लॉक हवेत, साधारण मीटरभर अंतराने, आणि काँक्रीटचे किंवा प्लॅस्टिकचे. खडीचा तुकडा सरकवणं ही आपली जुनी सवय. तो तुकडा व्हायब्रेटर लागताच निसटतो आणि सळई छताच्या पोटाशी जाऊन बसते. पाच-सात वर्षांनी तिथे गंजाची रेघ उमटते आणि पोपडा पडतो.

वरच्या सळईचा प्रश्न याहून गंभीर आहे. बाल्कनीचं उदाहरण घेऊ. कँटिलिव्हरमध्ये ताण वरच्या बाजूला असतो, म्हणून मुख्य सळई वर असते. १२५ मिमी जाडीतून वरचं कव्हर २० आणि सळईचा अर्धा व्यास ५ वजा केला की सळईच्या मध्यापासून स्लॅबच्या पोटापर्यंत १०० मिमी अंतर उरतं. बाल्कनीची ताकद या अंतरावर उभी आहे. आता स्लॅब भरताना दोन जण पंपाचा पाइप धरून त्या सळईवरून गेले आणि ती ४० मिमीने दबली. अंतर राहिलं ६०. सळई तेवढीच, काँक्रीट तेवढंच, पण ताकद जवळजवळ ४० टक्क्यांनी गेली. वरून काही दिसत नाही. स्लॅब गुळगुळीत दिसतो.

म्हणून १० मिमी सळईच्या खुर्च्या मीटरभर अंतराने, बाल्कनीत त्याहून जवळ. आणि चालायला फळ्या. फळ्या सळईवर ठेवायच्या नाहीत, खुर्च्यांवर किंवा उंच ठोकळ्यांवर टेकवायच्या. माझ्या कागदात एका माणसाचं नाव याच कामासाठी असतं: एक फिटर, हातात हुक आणि तार, स्लॅब भरेपर्यंत काँक्रीटच्या पुढे पुढे चालत दबलेली सळई उचलणारा. ठेकेदार म्हणतो, फिटरचं काम काल संपलं. त्याची त्या दिवसाची हजेरी मी आधीच मान्य करून घेतो.

इलेक्ट्रिकचे पाइप खालच्या आणि वरच्या जाळीच्या मधून जातात. खालच्या सळईच्या खाली पाइप दिसला तर काढायला लावतो. सहा-सात पाइप एकत्र बांधून बीमजवळून नेलेले दिसले तर ते सोडवून पसरायला लावतो, कारण त्या जागी काँक्रीट जवळपास उरतच नाही.

आदल्या दिवशीची सही

पंप बुक होण्याआधी तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे उलटं होतं. पंप, गाड्या, माणसं ठरतात आणि मग कन्सल्टंटला फोन जातो की उद्या सकाळी सातला स्लॅब आहे, जरा येऊन बघा. त्याने चूक काढली तरी ती दुरुस्त करायला रात्र असते आणि रात्री काय दुरुस्त होतं हे सगळ्यांना माहीत आहे. माझ्या कागदात तपासणी आदल्या दिवशी सकाळी अकराला. सेंट्रिंगवर एक सही, सळईवर एक, पाइप आणि बॉक्सवर एक. तिन्ही झाल्यावरच प्लँटला ऑर्डर पक्की.

संध्याकाळी आणखी दोन कामं. कॉलमच्या सळ्यांवर रंगाने स्लॅबच्या वरच्या पातळीची खूण करायची, आणि सगळी जागा तारेच्या तुकड्यांपासून, भुशापासून, चहाच्या कपांपासून झाडून, हवेने फुंकून स्वच्छ करायची. बीमच्या तळाशी पडलेला कचरा वरून दिसत नाही. टॉर्च मारून बघायचा. मी एकदा त्यातून चपलेचा जोड काढला आहे.

काँक्रीटची वेळ बसवणं

पंप तासाला वीस घनमीटर सहज देतो. आपली माणसं तेवढं घेऊ शकत नाहीत. दोन व्हायब्रेटर, पाटा ओढणारे दोन, रंधा मारणारे दोन, फावड्यावर चार अशी टोळी तासाला आठ घनमीटर नीट बसवते. त्यावर सगळं बेतायचं. ६ घनमीटरची एक गाडी ४५ मिनिटांत रिकामी होईल.

प्लँट ५० मिनिटांवर आहे असं धरू. रेडी मिक्सच्या आयएस ४९२६ या भारतीय मानकाप्रमाणे माल चढवल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हायला हवी. पहिली गाडी ६ वाजून ५ मिनिटांनी भरून निघाली तर सातच्या सुमारास येते. सव्वासातला ओतायला सुरुवात, आठला संपली. दोन तासांत बसली. दुसरी ८.०५ ते ८.५०, तिसरी ८.५५ ते ९.४०. चौथी छोटी गाडी. तिचा आकडा मी आदल्या दिवशी सांगतच नाही.

दुसरी गाडी संपली की थांबून टेप लावतो. १२ घनमीटर ओतल्यावर साधारण साडेसात मीटर लांबीचा स्लॅब भरलेला हवा. समजा सातच मीटर भरला. म्हणजे माल जास्त जातोय, आणि याच वेगाने १२ मीटरला २०.६ लागणार. ओतलेले १२ आणि तिसऱ्या गाडीचे ६ वजा केल्यावर २.६ उरतात. चौथ्या गाडीत ३ घनमीटर मागवायचे. फोन ८.५० ला, गाडी दहाच्या आत साइटवर, आणि तिसरी संपल्यावर पंधरा-वीस मिनिटंच खोळंबा. त्याच वेळी जास्त माल का गेला तेही शोधायचं. खूण केलेली सळई तीन-चार ठिकाणी खुपसून जाडी मोजायची. १०८ चौरस मीटरवर नुसती ५ मिमी जाडी वाढली तरी अर्धा घनमीटर जातो. जाडी बरोबर असेल तर मग खाली माणूस पाठवून बीमच्या बाजू फुगल्या आहेत का बघायचं. ती गोष्ट जास्त चिंतेची.

कुठून कुठे भरायचं

पंपापासून लांबच्या टोकापासून सुरुवात, ९ मीटर रुंदीला समांतर, दोन-दोन मीटरच्या पट्ट्यांत मागे येत. अशा सहा पट्ट्या होतात, प्रत्येकीत सव्वातीन घनमीटरच्या आसपास माल आणि वेळ २४-२५ मिनिटं. म्हणजे एका पट्टीची कड पुढच्या पट्टीचा माल येईपर्यंत फार तर अर्धा तास उघडी. १२ मीटरच्या बाजूने भरलं असतं तर ही कड लांब आणि वाट बघणं जास्त झालं असतं. सगळा हिशोब याच कडेसाठी आहे, कारण जुना माल आवळल्यावर नवा लावला की मध्ये कोल्ड जॉइंट राहतो आणि पहिल्या पावसात तिथूनच पाणी खाली येतं.

कड अजून जिवंत आहे का हे घड्याळावरून नाही, व्हायब्रेटरच्या निडलवरून कळतं. चालू निडल कडेत ठेवली तर ती स्वतःच्या वजनाने खाली जायला हवी आणि काढल्यावर भोक मिटायला हवं. भोक तसंच उघडं राहिलं तर ती कड गेली.

आणि पंप बंद पडला तर? हे वाक्य कागदात नसलं तर मी त्याला मेथड स्टेटमेंट म्हणत नाही. अर्ध्या तासात पंप सुरू होणार नाही असं दिसलं की काम कुठे थांबवायचं ते आधी ठरलेलं हवं. चौकाच्या मधल्या तिसऱ्या भागात, उभी फळी लावून, कड काटकोनात कापून. उतरती पातळ होत गेलेली कड ठेवायची नाही. बीमच्या टोकाला, कॉलमजवळ किंवा बाल्कनीत तर मुळीच थांबायचं नाही. फळ्या आदल्या दिवशी कापून ठेवलेल्या हव्यात. पुढच्या दिवशी ती कड टाचून सैल थर काढायचा, धुवायची, सिमेंटचं पातळ पाणी फासायचं आणि मग भरायची.

गाडी आल्यावर

चलानवर ग्रेड, भरल्याची वेळ, घनमीटर, सिमेंटचा प्रकार बघायचा. मग स्लम्प. ३० सेंटिमीटर उंचीचा शंकू तीन थरांत भरायचा, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोके, शंकू सरळ वर उचलायचा आणि ढीग किती खाली बसला ते मोजायचं. पंपाच्या कामाला मी १२० मिमी मागवतो आणि १०० ते १४५ मध्ये आलं तर घेतो.

कमी आलं तर ड्रायव्हर पाण्याचा पाइप उचलतो. इथे एक हिशोब सगळ्यांनी तोंडपाठ ठेवावा. समजा या मालात घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि १५७ लिटर पाणी आहे, म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५. गाडीत ६ घनमीटर. त्यात शंभर लिटर पाणी टाकलं की प्रमाण जवळजवळ ०.५० होतं, आणि आयएस ४५६ मध्ये मध्यम हवामानाच्या सळईयुक्त काँक्रीटला तीच कमाल मर्यादा आहे. आणखी शंभर टाकले की आपण त्याच्या बाहेर. आणि शंभर लिटर म्हणजे त्या पाइपातून फार वेळ लागत नाही. घट्ट माल सैल करायचा असेल तर प्लँटच्या माणसाकडून अॅडमिक्श्चर टाकून, ड्रम दोन-तीन मिनिटं जोरात फिरवून. ते जमत नसेल तर गाडी परत. गाडी परत पाठवायचा अधिकार कुणाला, हे नावासकट कागदात लिहायचं, नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत राहतात आणि माल वर चढतो.

ताकद तपासायला भरायच्या क्यूबचं प्रमाण आयएस ४५६ मध्ये दिलेलं आहे. १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, प्रत्येकाचे तीन क्यूब २८ दिवसांसाठी. म्हणजे नऊ. सात दिवसांचा अंदाज हवा म्हणून मी तीन जास्त भरतो. नमुने वेगवेगळ्या गाड्यांमधले हवेत. एकाच चांगल्या दिसणाऱ्या गाडीतून बाराही भरणं म्हणजे स्वतःलाच फसवणं. १५ सेंटिमीटरचा साचा तीन थरांत, प्रत्येकाला ३५ ठोके, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढून पाण्यात. टाकीवर ऊन नको.

भरणी, निडल आणि रंधा

पंप सुरू होताना आधी त्यातून सिमेंटचा घट्ट घोळ जातो, पाइप ओला करायला. तो घोळ स्लॅबमध्ये पडू द्यायचा नाही, घमेल्यांत किंवा पिंपात धरून टाकून द्यायचा. पहिल्या कोपऱ्यातच बिनखडीचा मऊ भाग राहतो तो यामुळेच.

आधी बीम, थराथराने, स्लॅबच्या तळापर्यंत. मग त्याच ओघात स्लॅब. पाइपाचं तोंड खाली ठेवायचं. दीड मीटरपेक्षा उंचावरून माल पडू द्यायचा नाही. एका जागी ढीग करून निडलने तो ढकलत न्यायचा नाही, कारण खडी मागे राहते आणि पातळ माल पुढे जातो. ढकलायचं ते फावड्याने.

निडल उभी आत, दहा ते पंधरा सेकंद, मग हळू बाहेर. ४० मिमीची निडल असेल तर दर ३० सेंटिमीटरवर. बुडबुडे यायचे थांबले आणि वर सिमेंटची चकाकी दिसली की तिथलं काम झालं. कॉलम-बीमच्या सांध्यात सळईची इतकी गर्दी असते की ४० ची निडल जात नाही. तिथे २५ ची हवी, आणि ती पंपाबरोबर नाही तर आदल्या दिवशी आलेली हवी. पोटाला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी खडी उघडी पडलेली दिसते ती नव्वद टक्के याच सांध्यात, असं माझं निरीक्षण.

पाटा ओढून पातळी खुणेला आणायची, मग लाकडी रंधा. एप्रिलमध्ये वारा असेल तर भरून तासाभरातच पृष्ठभागावर वेड्यावाकड्या बारीक भेगा येतात. वरचं पाणी खालून येणाऱ्या पाण्यापेक्षा लवकर उडतं, म्हणून. माल अजून ओला असेल तर पुन्हा रंधा मारून त्या मिटतात. त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरवून घासणं ही सवय मोडायला हवी. ती पातळ पापडी नंतर सुटते. भेगा मिटल्यावर लगेच प्लॅस्टिकचा कागद अंथरायचा.

माणसं

सुरक्षेचं वेगळं पान मी करत नाही, कारण वेगळं पान कुणी वाचत नाही. वरच्या प्रत्येक टप्प्यातच ते लिहितो. तरी स्लॅबच्या दिवशीच्या चार जागा इथे एकत्र सांगतो, कारण धोका तिथेच असतो.

पहिली जागा स्लॅबच्या खाली. भरताना खाली कुणी झोपू नये, जेवू नये, सामान काढायला जाऊ नये. फक्त सेंट्रिंगचा एक अनुभवी कारागीर, बाहेरच्या कडेला उभा राहून टेकू आणि बीमच्या बाजू बघणारा, गळ्यात शिट्टी. शिट्टी वाजली की पंप थांबतो, कारण विचारणं नंतर. दुसरी जागा कडा. बाहेरच्या कडेला मीटरभर उंचीचं कठडं सेंट्रिंगबरोबरच उभं राहायला हवं, कारण पाटा ओढणारा माणूस मागे सरकत जातो आणि त्याचं लक्ष पाट्यावर असतं. जिन्याच्या भोकावर फळ्या.

तिसरी जागा पंप. त्याच्या पायांखाली जाड लाकडी ठोकळे, आणि बूम फिरणाऱ्या भागात विजेची तार नको. असेल तर वीज कंपनीकडून लाइन बंद करून घ्यायची किंवा पंप दुसरीकडे लावायचा. ‘जरा सांभाळून फिरवू’ हा उपाय नव्हे. पाइपात हवा अडकली आणि सुटली की शेवटचा रबरी पाइप फटका मारतो. पंप सुरू होताना, आणि अडकल्यावर पुन्हा सुरू होताना, पाइपाजवळ कुणी उभं राहायचं नाही. चौथी जागा ओली सळई आणि विजेचं व्हायब्रेटर. बोर्डवर गळती होताच वीज तोडणारा ईएलसीबी हवा आणि सकाळी त्याचं टेस्ट बटण दाबून बघायचं. केबलचे जोड ओल्या सळईवर लोळता कामा नयेत.

गमबूट आणि हातमोजे सगळ्यांना. ओलं सिमेंट चपलेत तासभर राहिलं तर कातडी सोलते, आणि ते जळणं सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कुणी सांगत नाही.

पाणी आणि टेकू काढणं

संध्याकाळपर्यंत ओलं गोणपाट. दुसऱ्या दिवशी मालाची आळी करून दोन इंच पाणी. साधं सिमेंट असेल तर आयएस ४५६ किमान सात दिवस सांगतो, पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-गरम असेल तर दहा. मी एप्रिलमध्ये चौदा धरतो. बीमच्या बाजू आणि बाल्कनीचं पोट यांना पाणी कुणी मारत नाही; ते काम वेगळं नेमून द्यावं लागतं. सात दिवसांच्या क्यूबचा आकडा २८ दिवसांच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास आला तर बरं. फारच खाली आला तर टेकूंना हात लावायचा नाही आणि कन्सल्टंटला बोलवायचं.

आयएस ४५६ चा हिशोब असा: ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवसांनी, ६ मीटरपर्यंतच्या बीमचे चौदा दिवसांनी. पण हा हिशोब साध्या सिमेंटचा आणि हवा फार थंड नसतानाचा आहे. पीपीसी सावकाश ताकद घेतं, म्हणून मी स्लॅबला चौदा आणि बीमला एकवीस दिवस लिहितो. ठेकेदाराला प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, तो आठव्या दिवसापासून विचारायला लागतो. म्हणून भरल्याची आणि सोडायची, अशा दोन्ही तारखा कॉलमवर लाल रंगाने मोठ्या आकड्यांत लिहून ठेवतो. वादात तेवढाच आधार.

पुढचा स्लॅब लवकर भरायचा असेल तर खालच्या मजल्याचे टेकू तसेच ठेवायचे, कारण वरच्या ४७ टनांचा भार आता या कोवळ्या स्लॅबवर येणार आहे.

चौकात टेकू काढायचे ते मध्यापासून बीमकडे. जॅक थोडा थोडा सैल करत, एकदम पाना मारून नाही. बाल्कनीत उलटं. आधी मोकळ्या टोकाचा टेकू, मग भिंतीकडे येत. कारण मोकळ्या टोकाला टेकू ठेवून भिंतीजवळचे काढले तर बाल्कनी क्षणभर त्या टेकूवर आडव्या पट्टीसारखी टेकते आणि जिथे सळई नाही त्या पोटाला ताण येतो. एका टोळीने मला विचारलं होतं, साहेब, कुठूनही काढले तरी काढायचेच ना. मी एक फूटपट्टी टेबलाच्या कडेवरून बाहेर काढून, आधी टोकाला बोट लावून आणि मग बोट काढून दाखवलं. बाल्कनीचा शेवटचा टेकू मी स्वतः उभा राहून काढून घेतो, आणि त्याआधी टोकाशी खाली एक दोरी ताणून ठेवतो, किती मिलिमीटर खाली आली ते बघायला.